रिटेन्शन ग्राफ: प्रेक्षक नक्की कुठे गळतात आणि एपिसोड कुठे कापायचा?

रेघोटी

आमची एक छोटी अ‍ॅनिमेशन मालिका आहे, साधारण किशोरवयीन आणि मोठ्यांसाठी (म्हणजे ‘मेड फॉर किड्स’ म्हणून नोंदवलेली नाही). प्रत्येक भाग बरोबर दहा मिनिटांचा. ताज्या भागाची गोष्ट अशी: गावातल्या मनोऱ्याच्या घड्याळाची घंटा गायब होते, घड्याळं दुरुस्त करणारी तारा ती शोधायला निघते. व्ह्यूज बऱ्यापैकी आलेत, ग्राफही आता स्थिरावलाय. त्यावरून टीममध्ये भांडण लागलंय, म्हणून हा धागा.

यूट्यूब स्टुडिओत दिसणारे आकडे देते, म्हणजे त्या त्या क्षणी किती टक्के प्रेक्षक बघत होते ते. ०:१२ ला ८८ टक्के, ०:३० ला ६७, ०:४८ ला ६१. ०:१४ ते ०:४४ आमचं शीर्षकगीत आहे. मग हळूहळू उतरत ४:०६ ला ४९. तिथून ४:५४ पर्यंत ३८. पुढे ६:२४ ला ३६, मग गाणं सुरू झालं की २९ पर्यंत खड्डा, गाणं संपल्यावर ७:०६ ला परत ३५. ९:१८ ला ३१ आणि ९:३० ला एकदम १४.

संकलक म्हणतो शीर्षकगीत काढून टाका, सगळ्यात मोठी गळती तिथेच आहे. संगीतकार म्हणतो मग मालिकेची ओळख काय राहिली? मला स्वतःला ४:१० च्या आसपासची घसरण जास्त खुपतेय, पण का ते नीट सांगता येत नाही. हा ग्राफ कसा वाचायचा?

थंबनेलप्रेमी

आधी थंबनेल बदला. ताराचा चेहरा मोठा, मागे रिकामा मनोरा, अक्षरं पिवळी. क्लिक वाढले की बाकी सगळं आपोआप वाढतं. आमच्याकडे हमखास चालतं हे.

रेघोटी

क्लिक झाल्यानंतरची गोष्ट विचारतेय हो. लोक येतायत, टिकत नाहीत.

झटपट_कट

सोपं आहे. आजचा प्रेक्षक थांबत नाही. तीन सेकंदांपेक्षा लांब एकही शॉट ठेवू नका. शीर्षकगीत उडवा, गाणं उडवा, दहाचा भाग सातवर आणा. पहिल्या अर्ध्या मिनिटात जे गेले ते गेले, पुढचं बघण्यात अर्थ नाही. सुरुवात घट्ट केली की सगळा ग्राफ वर उचलला जातो.

चौकट_२४

सुरुवात घट्ट हवी हे खरं, बाकीचं पटत नाही. तीन सेकंदांच्या नियमाकडे नंतर येतो.

रेघोटी, किती टक्क्यांनी ग्राफ उतरला हे बघून फसायला होतं. त्या क्षणी जे बसलेले होते त्यांच्यापैकी किती उठले, हे बघा. ०:४८ ते ४:०६ या जवळपास सव्वातीन मिनिटांत तुम्ही ६१ वरून ४९ वर आलात. बसलेल्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा गेला. ४:०६ ते ४:५४ मध्ये ४९ वरून ३८. म्हणजे पाचव्या हिश्शापेक्षा थोडे जास्तच, आणि तेही फक्त ४८ सेकंदांत. सव्वातीन मिनिटांची गळती तुम्ही पाऊण मिनिटात उरकलीत. शिवाय हे लोक चार मिनिटं बसलेले होते, त्यांना गोष्ट आवडली होती. चुकून आलेले पाहुणे पहिल्या अर्ध्या मिनिटातच गेले. म्हणून ४:१० तुम्हाला खुपतंय ते बरोबर आहे.

आता दोन गोष्टी तपासून सांगा. एक, याच ग्राफवर नवे प्रेक्षक आणि परत आलेले प्रेक्षक वेगवेगळे करून शीर्षकगीताचा भाग बघा. दोन, ४:०० ते ५:०० मध्ये पडद्यावर काय चाललंय ते शॉटनुसार लिहा. संवादासकट.

नवखा_अ‍ॅनिमेटर

मधेच विचारतो, माफ करा. माझ्या फिल्मला दोनशेच्या आत व्ह्यूज आहेत आणि २:२० ला ग्राफ एकदम ४ टक्क्यांनी पडलाय. तिथे एक पात्र नुसतं खिडकीतून बघतं. तो शॉट कापू का?

चौकट_२४

दोनशे व्ह्यूजमध्ये ४ टक्के म्हणजे आठ माणसं. त्यातल्या दोघांना फोन आला असेल. इतक्या कमी आकड्यांवर शॉट कापू नका. त्यापेक्षा चार ओळखीच्या माणसांना फिल्म दाखवा आणि पडद्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघा.

बडबडगीतवाली

माझा चॅनल लहान मुलांच्या गाण्यांचा आहे. आमच्याकडे ग्राफ मधेच १०० च्या वर जातो! सुरुवातीला वाटलं आकडे बिघडलेत. मग कळलं की मुलं तोच तुकडा मागे घेऊन घेऊन बघतात, आणि एकाच माणसाने तोच क्षण दोनदा बघितला की दोनदा मोजला जातो. आम्ही तर अशा उंचवट्यांवरूनच पुढची गाणी ठरवतो. तुमच्याकडे एकही उंचवटा नाही का?

चौकट_२४

हा मुद्दा रेघोटींनाही कामाचा आहे, जरा उलट्या बाजूने. कथेच्या भागात उंचवटा दिसला म्हणून लगेच हुरळून जायचं नाही. आवडलं म्हणून लोक मागे जातात तसे संवाद ऐकू आला नाही म्हणूनही जातात. एका मालिकेत मी असा उंचवटा बघितलाय जिथे पार्श्वसंगीताखाली पात्राचं नाव दबलं होतं. तो तुकडा कानाला हेडफोन लावून एकदा आणि फोनच्या स्पीकरवर एकदा ऐकायचा, मग ठरवायचं.

रेघोटी

उंचवटा नाही आमच्याकडे. चौकट, तुम्ही सांगितलेलं बघितलं.

नवे प्रेक्षक: ०:१२ ला ८५, ०:४८ ला ५२, वाटेत कुठेही वर येत नाहीत. परत आलेले: ०:१२ ला ९५, शीर्षकगीतात ६८ पर्यंत खाली आणि ०:४८ ला पुन्हा ८३. एकूण व्ह्यूजमध्ये परत आलेले साधारण तिसऱ्या हिश्शाहून थोडे कमी.

४:०० पासूनचे शॉट:
४:०० तारा आणि घंटेचा जुना कारागीर, दुकानात. मध्यम शॉट, संवाद.
४:०८ ताराचा क्लोजअप: “म्हणजे घंटा पहारेकऱ्यानेच नेली!”
४:१२ तारा पहारेकऱ्याच्या घराकडे निघते. लांबून दिसणारा रस्ता, कॅमेरा डावीकडून उजवीकडे सरकतो, ती चालते. मग टेकडीवरून चालते. मग पुलावरून. फक्त संगीत, संवाद नाही.
४:४८ पहारेकऱ्याचं दार. ती कडी वाजवते.

झटपट_कट

छत्तीस सेकंद नुसतं चालणं! मी काय म्हणत होतो?

चौकट_२४

आधी शीर्षकगीत निकालात काढू. परत आलेल्यांचा ग्राफ खाली जाऊन पुन्हा वर आला, म्हणजे त्यांनी गाणं पुढे ढकललं आणि गोष्टीला येऊन बसले. ते कुठे गेले नाहीत. नव्यांचा ग्राफ खालीच राहिला, ते खरंच गेले. एकत्र ग्राफमध्ये हे दोन्ही मिसळून एक मोठी घसरण दिसते आणि टीममध्ये भांडणं लागतात. तुमचा संगीतकार आणि संकलक दोघेही आपापल्या प्रेक्षकाबद्दल बरोबर बोलतायत.

६:३० च्या गाण्यालाही हेच लागू. ३६, २९, पुन्हा ३५. एक टक्का गेला, बाकी उडी मारून पुढे आले. तो तुमच्यासाठी आत्ता प्रश्नच नाही.

आता ४:१०. झटपट, चालणं लांब आहे हे खरं, पण नुसतं ते कारण असेल तर दुसरीकडेही तसंच दिसायला हवं. रेघोटी, या भागात आणखी कुठे दहा-बारा सेकंद संवादाशिवाय शांत शॉट आहे का? तिथला आकडा द्या.

रेघोटी

आहे की. ८:०२ ते ८:१६. ताराचा हात घंटेवर, घंटेला तडा गेलेला दिसतो, ती वाजवावी की नाही या विचारात आहे. जवळजवळ स्थिर चित्र, फक्त हात किंचित थरथरतो. ग्राफ... ३३ आणि ३३. हललाच नाही!

चौकट_२४

झालं तर मग. चौदा सेकंदांच्या स्थिर चित्रावर कोणी उठलं नाही, कारण घंटा वाजेल की फुटेल हे कळायचं होतं. चालताना उठले, कारण ४:०८ ला ताराने उत्तर देऊन टाकलं. चोर कळला. आता ती त्याच्या घरी जाणार हेही कळलं. मधली छत्तीस सेकंदं प्रेक्षकाला काहीच नवं कळत नाही. उठायला याहून चांगली जागा कुठली? आणि ग्राफ पडतो तिथे कारण शोधू नका, त्याच्या पाच-दहा सेकंद आधी शोधा. माणूस आधी मनातून उठतो, मग बोट हलतं. तुमची घसरण ४:१२ नंतर दिसते, कारण ४:०८ च्या वाक्यात आहे.

आणखी एक निरीक्षण, वाईट वाटून घेऊ नका. चालण्याचं चक्र एकदाच काढलं असेल ना? छत्तीस सेकंद गुणिले २४, म्हणजे ८६४ फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तरी ४३२ चित्रं झाली असती, पण चक्र असल्यामुळे सगळा रस्ता मूठभर चित्रांत निघाला. अ‍ॅनिमेशनमध्ये जो शॉट स्वस्त असतो तोच लांबतो. भाग दहा मिनिटांचा करायचा असला की भरणा नेहमी अशाच ठिकाणी होतो.

रेघोटी

चक्र आठ चित्रांचं आहे. आणि हो, अ‍ॅनिमॅटिकमध्ये, म्हणजे कच्च्या चित्रांच्या आराखड्यात, हे चालणं चौदा सेकंदांचं होतं. पार्श्वभूमीची चित्रं सुंदर झाली म्हणून वाढवलं.

पटकथा_कोपरा

मला चौकट यांचं निदान पटतं, पण एक हरकत आहे. उत्तर मिळालं की प्रेक्षक उठतो असं धरून चाललो तर प्रत्येक दृश्य प्रश्नावरच संपवावं लागेल. मग मालिकेला श्वास घ्यायला जागा कुठे? काही माणसं त्या रस्त्यासाठीच परत येत असतील. ते ग्राफवर दिसत नाही.

चौकट_२४

ग्राफवर दिसत नाही हे मान्य. मी चालणं काढा म्हणत नाही, त्याला काम द्या म्हणतोय. हीच चाल जर ताराचा फक्त संशय असताना आली असती, आणि पहारेकऱ्याच्या दारात पोचल्यावर तिला अंगणात घंटा झाकून ठेवलेली दिसली असती, तर त्याच सुंदर पार्श्वभूमीकडे लोकांनी नीट बघितलं असतं.

पटकथा_कोपरा

मग संशयाचं वाक्य तरी कसं असावं? “पहारेकऱ्याला विचारायला हवं”? फारच फिकं वाटतं. ४:०८ चा क्लोजअप हा भागातला सगळ्यात चांगला अभिनय असेल कदाचित. तो उडवून ग्राफ सरळ केला तर काय मिळवलं?

रेघोटी

क्लोजअप खरंच चांगला आहे, त्यामुळे हात जड होतोय. पण चढवलेल्या व्हिडिओत क्रम बदलता येतो का?

चौकट_२४

नाही. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओची फाइल बदलून दुसरी ठेवता येत नाही. स्टुडिओच्या एडिटरमध्ये मधला तुकडा कापून टाकता येतो. लिंक, व्ह्यूज, प्रतिक्रिया तशाच राहतात. पण दृश्यांच्या बाबतीत कापणं एवढंच. तुकडे पुढेमागे करता येत नाहीत, नवं दृश्य घालता येत नाही. क्रम बदलायचा तर नव्याने चढवावं लागेल आणि सगळं शून्यापासून. भागीदार कार्यक्रमात नसलेल्या चॅनलला एक लाखाच्या वर व्ह्यूज गेलेल्या व्हिडिओत असा काप जतन करता येत नाही, तेवढं बघून घ्या. काप टाकल्यावर प्रक्रियेला वेळ लागतो, तोवर जुनाच व्हिडिओ चालू राहतो.

सूरपेटी

थांबा थांबा, कात्री लावण्याआधी ध्वनीवाल्याचं ऐका. चालण्याखाली संगीत आहे म्हणता. त्या एडिटरमध्ये दोन तुकड्यांच्या सांध्यावर आवाज हळू करून जोडायची सोय नाही. कुठेही कापलंत तर चाल तुटल्यासारखी ऐकू येईल आणि जो प्रेक्षक टिकला होता तोही दचकेल. संगीताचा वेग काय आहे?

रेघोटी

संगीतकाराला विचारलं. मिनिटाला १२० ठोके, चार ठोक्यांचा ताल. संगीत ४:१२ वरच सुरू होतं.

सूरपेटी

छान, मग जमेल. एक आवर्तन बरोबर दोन सेकंदांचं झालं. बारा आवर्तनं काढा, म्हणजे चोवीस सेकंद. ४:१८ ते ४:४२ कापलंत तर दोन्ही टोकं आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर येतात. चालणं बारा सेकंदांचं उरतं. फक्त ४:१८ ला आणि ४:४२ ला सूर एकच आहे का ते बघा. एकीकडे पाया एका सुरावर आणि दुसरीकडे दुसऱ्यावर असेल तर ताल जुळूनही कानाला खटकेल. तसं असेल तर एक-दोन आवर्तनं मागेपुढे सरकवा. झांजेसारखं काही वाजून त्याची आस रेंगाळत असेल तर तिथेही कापू नका, आस मधेच तुटते.

चित्राकडूनही बघा. टेकडीचा शॉट पूर्ण जातो का? पाऊल डावं असताना कापून पुढच्या शॉटमध्येही डावंच उचललं तर उडी दिसेल.

रेघोटी

टेकडी पूर्ण जाते, रस्त्यावरून थेट पूल. पार्श्वभूमी बदलत असल्यामुळे पावलाचं फार जाणवू नये. सुराचं विचारते.

झटपट_कट

मग शेवटच्या ३१ वरून १४ चं काय? तो तर सगळ्यात मोठा खड्डा आहे.

चौकट_२४

तो खड्डा नाही, गोष्ट संपली. श्रेयनामावली लागली की लोक जाणारच. पण रेघोटी, श्रेयनामावली ९:२५ ते १०:०० आहे ना? एंड स्क्रीन जास्तीत जास्त शेवटच्या वीस सेकंदांत ठेवता येते, म्हणजे ती ९:४० ला येते. तोवर ३१ चे १४ होऊन गेलेले असतात. पुढचा भाग दाखवायला तुम्ही रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे राहताय. श्रेयनामावलीतले पंधरा सेकंद कमी केले तर एंड स्क्रीन गोष्ट संपता संपता पडद्यावर येईल. त्याच कापात होऊन जाईल. काप झाल्यावर एंड स्क्रीनच्या वेळा मात्र पुन्हा उघडून बघा.

बडबडगीतवाली

आम्हाला ही चैन नाही. ‘मेड फॉर किड्स’ व्हिडिओवर एंड स्क्रीनही नाही आणि प्रतिक्रियाही नाहीत. सगळी मदार ग्राफवरच.

नवखा_अ‍ॅनिमेटर

एक विचारू का? सगळे शॉट आणि ग्राफ शेजारी ठेवून कसे बघता? मी तर ग्राफवर माउस फिरवत आकडे वहीत लिहितो.

चौकट_२४

दहा मिनिटांच्या भागाला वही चालते. नियमित करायचं असेल तर यूट्यूब अ‍ॅनॅलिटिक्सच्या एपीआयमधून एका व्हिडिओचे शंभर बिंदू मिळतात:

```
dimensions=elapsedVideoTimeRatio
metrics=audienceWatchRatio
filters=video==VIDEO_ID
```

एका वेळी एकच व्हिडिओ. पहिला आकडा ०.०१ ते १ असा येतो, त्याला भागाच्या लांबीने गुणलं की सेकंद मिळतात. दहा मिनिटांच्या भागात एक बिंदू म्हणजे सहा सेकंद. याचा अर्थ असाही की सहा सेकंदांपेक्षा लहान शॉटला ग्राफवरून दोषी ठरवता येत नाही. शेजारच्या रकान्यात शॉट क्रमांक, आणि त्याच्या शेजारी ‘प्रेक्षकाला आत्ता काय जाणून घ्यायचंय’ हे एका ओळीत लिहायचं. ज्या ओळींत ते लिहिता येत नाही त्या ओळी आणि ग्राफची घसरण बऱ्याचदा एकत्र सापडतात.

रेघोटी

तो शेवटचा रकाना मी आज पुढच्या भागाच्या अ‍ॅनिमॅटिकवर भरून बघितला. २:४० ते ३:१५ रिकामा. पुन्हा प्रवासच, यावेळी नावेतून. आणि अजून एकही चित्र रंगलेलं नाही, त्यामुळे हलवणं सोपं आहे. नावाड्याने मोबदला म्हणून काहीतरी मागितलंय आणि ताराने ते द्यायचं कबूल केलंय, पण काय मागितलं ते आपल्याला ऐकू येत नाही, असं करून बघतोय.

जुन्या भागाचं असं ठरतंय: चालण्यातले चोवीस आणि श्रेयनामावलीतले पंधरा सेकंद कापायचे. सूर ४:४२ ला वेगळा निघाला, म्हणून काप एक आवर्तन पुढे, ४:२० ते ४:४४. शीर्षकगीताबद्दल तोडगा नाही. पुढच्या भागात दहा सेकंदांची आवृत्ती लावून नव्यांचा ग्राफ बघू असं मी म्हणतेय, संगीतकार तयार नाही.

पटकथा_कोपरा

नावाड्याची कल्पना चांगली आहे. पण जुना भाग कापू नका असं माझं मत अजून आहे. ज्यांनी पाहिलाय त्यांनी तो रस्ता पाहिलाय.

सूरपेटी

संगीतकाराला सांगा, दहा सेकंदांची आवृत्ती करायची तर मूळ गाण्यातून कापून काढू नका, शेवटची ओळ वेगळी वाजवून घ्या. पण पुढचा भाग गोष्टीनेच वेगळा असेल, तेव्हा ग्राफ सुधारला तर श्रेय गीताला द्यायचं की नावाड्याला?

चौकट_२४

म्हणून पहिल्या ४८ सेकंदांपुरतंच बघायचं. नावाडी २:४० ला येतो. तरीही सलामीचं दृश्य वेगळं असणारच, त्यामुळे एका भागावरून संगीतकाराशी वाद घालू नका. तीन-चार भाग छोट्या आवृत्तीने जाऊ देत. आणि तुलना करताना तारखा सारख्या घ्या. पहिल्या दिवसांत जुने प्रेक्षक येतात, तेव्हा ग्राफ नेहमीच देखणा दिसतो. सुचवण्यांतून येणारे नवे लोक नंतर येतात.